मॅडम, तो भात मीच बिघडवला होता

पोस्ट मोठी आहे. मला थोडक्यात लिहायला जमत नाही, त्यामुळे वेळ असेल तेव्हा निवांत वाचा. लिहिलंय मॅडमना उद्देशून, पण मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं टाकलंय. कारण यातली अर्धी गोष्ट आमच्या भागातल्या लोकांनी वर्षभर एका बाजूने ऐकली आहे. दुसरी बाजू मलाही आत्ता आत्ता कळली.

मॅडम, परवा सर्टिफिकेट आलं. मुलाने प्रिंट काढून आणली, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून ओट्यासमोरच्या भिंतीवर लावली. फोस्टॅकचं बेसिक केटरिंग, दोन वर्षांसाठी. नववी नापास बाईच्या नावापुढे ‘फूड सेफ्टी सुपरवायझर’ लिहिलेलं बघून हे म्हणाले, आता घरात बोलायची सोय राहिली नाही. त्या दिवशी तुम्हाला मेसेजवर नुसतं ‘थँक्यू मॅडम’ लिहिलं आणि हात जोडलेले टाकले. तेवढ्याने भागत नाही, म्हणून हे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नाशिकला कॉलेजच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ आहे. नऊ वर्षं झाली. दोन वेळचं जेवण आणि रविवारी सकाळी नाष्टा. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्याकडे चौतीस मुलं होती. एका शनिवारी रात्री कॉलेजात कसला तरी कार्यक्रम होता आणि तिथेच जेवण होतं. मला कुणी सांगितलं नाही. मी नेहमीसारखा तीन किलो तांदूळ शिजवला, जेवायला आली बारा-तेरा मुलं. पाच किलोच्या आसपास शिजलेला भात पातेल्यात तसाच राहिला. फेकवणार कसा? झाकण ठेवलं, मुंग्या नको म्हणून वरून पंचा गुंडाळला, पातेलं ओट्यावर ठेवलं आणि झोपले. रविवारी सकाळी साडेनऊला त्याचा फोडणीचा भात केला. शेंगदाणे, कांदा, कढीपत्ता, वरून लिंबू. कढईत वाफ येईपर्यंत परतला. मुलांनी मागून मागून खाल्ला.

बारा वाजायच्या आत पहिला फोन आला. ‘काकू, उलट्या होतायत.’ दोन वाजेपर्यंत सोळा मुलं. एकाला रात्रभर सलाईन लावावं लागलं. त्याचे वडील गावाहून आले आणि माझ्या दारात उभं राहून जे बोलले ते पूर्ण गल्लीने ऐकलं. देवाच्या दयेने दुसऱ्या दिवशी सगळी मुलं उठून बसली. पण त्या महिन्यात अकरा मुलं सोडून गेली.

आता मी काय केलं ते सांगते, कारण ते सांगायलाच ही पोस्ट आहे. मी आधी किराणा दुकानदाराशी भांडले. म्हटलं, शेंगदाणे खवट होते, तेलात भेसळ होती. नऊ वर्षांचा उधारीचा संबंध तोडला. मग माझ्या हाताखालच्या बाईवर आले. तिच्या बोटाला विळीने कापलं होतं, चिंधी बांधून तिने त्या दिवशी कांदा चिरला होता. तिला म्हटलं, तुझ्यामुळे झालं, उद्यापासून येऊ नकोस. भाताचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. भात आंबला नव्हता, वास नव्हता, तार सुटली नव्हती, आणि मी तो कडकडीत गरम केला होता. गरम केल्यावर काय राहणार त्याच्यात?

यावर्षी बचत गटाच्या ताईंनी नाव घातलं म्हणून मी तुमच्या बॅचला आले. खरं सांगू का मॅडम, शिकायला नव्हते आले. नोंदणीच्या कागदांसोबत असं सर्टिफिकेट असलेलं बरं, असं कुणीतरी म्हणालं म्हणून आले. अठ्ठावीस जण होतो. वडापाववाले काका, लग्नातले आचारी, दोन पोळीभाजी केंद्रवाल्या, अंगणवाडीत खिचडी शिजवणाऱ्या ताई. सरकारी ट्रेनिंग खरं तर चार तासांचं. तुम्ही मात्र त्याआधी तीन रविवार समाजमंदिरात आमच्याकडून तयारी करून घेतलीत, आणि वर एक पैसा घेतला नाहीत. आम्हाला मिळालेला कागद इंग्रजीत होता. तुम्ही तो बाजूला ठेवलात आणि म्हणालात, ‘हे नंतर. आधी तुमच्या स्वयंपाकघराबद्दल बोलू.’

पहिल्या रविवारी तुम्ही फळ्यावर वाक्यं लिहिलीत आणि बरोबर की चूक ते विचारलंत. तिसरं वाक्य होतं, ‘उरलेलं अन्न नीट उकळून गरम केलं की पूर्ण सुरक्षित होतं.’ मी सगळ्यात आधी हात वर केला. बरोबर! तुम्ही म्हणालात, ‘चूक, ताई.’ मी वाद घातला. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, ‘इतक्या ठामपणे सांगताय, काही अनुभव आहे का?’ आणि मी, जी गोष्ट वर्षभर कुणाला नीट सांगितली नव्हती, ती अठ्ठावीस लोकांसमोर सांगून बसले.

तुम्ही तीनच प्रश्न विचारले. खाल्ल्यापासून किती वेळाने उलट्या सुरू झाल्या? मी म्हटलं, दोन-अडीच तासांत. जुलाब जास्त की उलट्या जास्त? उलट्या. ताप? कुणालाच नाही. तुम्ही जरा वेळ गप्प राहिलात. मग म्हणालात, प्रयोगशाळेत नमुना गेला नाही, त्यामुळे छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही. पण इतक्या लवकर उलट्या, म्हणजे पोटात जाऊन जंतू वाढले असं नाही, विष आधीच अन्नात तयार होतं. आणि रात्रभर पातेल्यात राहिलेला भात म्हटल्यावर पहिलं बोट त्याच्याकडेच जातं.

मग तुम्ही जे समजावलंत ते मी माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर कमेंटमध्ये दुरुस्त करा. बॅसिलस सेरियस नावाचा एक जंतू आहे. तो मातीत असतो, त्यामुळे तांदळावर असतोच. महागाचा तांदूळ घेतला, चार पाण्यांनी धुतला, तरी थोडा राहतोच. भात शिजताना हा जंतू मरतो, पण त्याचे बीजाणू मरत नाहीत. बीजाणू म्हणजे त्याचं बियाणं समजा, जाड कवचातलं. उकळत्या पाण्यातूनही ते जिवंत निघतं. भात गरम आहे तोवर ते झोपलेलं असतं. भात कोमट व्हायला लागला की त्याला पेरणीचं हवामान मिळतं. ओल आहे, खायला पीठ आहे, ऊब आहे. तिथे ते उगवतं, वाढतं आणि भातात विष सोडतं. आणि हे विष उष्णतेने मोडत नाही. परता, उकळा, कुकरला लावा, जंतू मरतील पण विष तसंच राहील. त्याला वास नाही, चव नाही. म्हणजे मी सकाळी कढईत जे मारत होते ते चोर पळून गेल्यावर दाराला लावलेलं कुलूप होतं.

मी लगेच विचारलं, मग कापलेल्या बोटाचं काय? तुम्ही तेही टाळलं नाहीत. म्हणालात, जखमेत दुसरा एक जंतू असतो, स्टॅफिलोकोकस. त्याचंही विष गरम करून जात नाही आणि त्याच्याही उलट्या अशाच काही तासांत होतात. म्हणून उघड्या जखमेने कुणी अन्नाला हात लावायचा नाही, वॉटरप्रूफ पट्टी आणि वर हातमोजा पाहिजे. पण मग तुम्ही मला उलट विचारलंत, ‘तिने कांदा कधी चिरला?’ सकाळी नऊला. ‘आणि भात कधी खाल्ला?’ दहाला. ‘मध्ये कांदा तेलात परतला?’ हो. ‘मग त्या जंतूला वाढून विष करायला वेळ कुठे मिळाला? कुठलाही जंतू असला तरी त्याला काही तास कोमट जागा लागते ताई. तुमच्या घरात त्या रात्री कोमट जागा एकच होती.’

मी त्या रविवारी घरी जाऊन जेवले नाही.

तरी मनात होतंच की आपल्या आजीने आयुष्यभर शिळा भात खाल्ला. दुसऱ्या रविवारी तेच विचारलं, आणि आचारी लोकांनीही मान डोलावली. तुम्ही म्हणालात, आजीचं पातेलं केवढं होतं? उरलेला भात ओंजळभर. तो तासाभरात गार होतो. शिवाय त्यात रात्री ताक किंवा पाणी घालून आंबवायचे, आणि पुरेसं आंबट झालं की हा जंतू वाढू शकत नाही. ‘तरी आजीच्या काळातही कुणाचं पोट बिघडायचं, फक्त आपण त्याला बाधलं म्हणायचो. आणि तुमचं पातेलं आजीचं नाही. पाच किलो भात आतून कधी गार होतो, कधी मोजलंय?’

नव्हतं मोजलं. तुम्ही पर्समधून सुईसारखा थर्मामीटर काढून माझ्या हातात दिलात. म्हणालात, माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून या. आधी त्याची परीक्षा घ्यायला शिकवलंत. पेल्यात बर्फाचा चुरा घट्ट भरायचा, वर थोडं पाणी, सुई मधोमध धरायची. शून्य दाखवलं पाहिजे. दाखवलं. मग घरी मी उकळत्या पाण्यात धरला तर अठ्ठ्याण्णव! म्हटलं, बिघडलेला दिलाय. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, नाशिक समुद्रापासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं, थर्मामीटर बरोबर आहे. लहानपणापासून शंभर ऐकत आले होते.

मग मी तीच रात्र पुन्हा केली. दोन किलो तांदूळ शिजवला, म्हणजे पाच किलोच्या आसपास भात झाला. तेच पातेलं, तेच झाकण, तोच पंचा. मुलाने मोबाईलवर गजर लावून दिले. सुई बरोबर मधोमध खुपसायची. रात्री नऊला 94. अकराला 78. एक वाजता 63. मी म्हटलं, बघा, अजून गरमच आहे. तीनला 52. सहाला 42. सकाळी नऊला, म्हणजे मी ज्या वेळेला कढई चढवली होती त्याच्या जरा आधी, 36. आपल्या अंगाच्या तापमानाएवढा! तुम्ही सांगितलेला धोक्याचा पट्टा 5 ते 60 अंशांचा. रात्री दीडच्या सुमाराला मधला भात त्यात शिरला आणि सकाळपर्यंत बाहेर आला नाही. आणि कडेचा भात तर त्याच्याही आधी. तीन वाजता मधे 52 होतं तेव्हा कडेला 43 होतं. म्हणजे एकाच पातेल्यात कुठला ना कुठला थर पूर्ण रात्र जंतूला हवा तसा होता. झाकणावर जो पंचा मी काळजीने गुंडाळायची, तो त्यांना गोधडीसारखा होता.

तो भात मी गाईलाही घातला नाही. अंगणात खड्डा करून पुरला.

दुसऱ्या रात्री तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. तेवढाच भात लगेच तीन परातींत पसरला, दोन बोटं जाडीचा, वरून पंखा. अर्ध्या तासात 48. तासाभरात 36. दीड तासात 31. मला वाटलं जिंकलो. पण तिथून काटा हलेना. कसा हलणार, माझं स्वयंपाकघरच तीस अंशांचं! तुम्ही शिकवलेला नियम असा की साठपासून एकवीसपर्यंत दोन तासांत आणि तिथून पाचपर्यंत पुढच्या चार तासांत. पंखा हवेपेक्षा गार करू शकत नाही. मग पसरट डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवला, तर घरचा साधा फ्रिज, पाच किलो कोमट भात बघून त्यालाच घाम फुटला. आतलं तापमान 6 वरून 13 वर गेलं आणि शेजारी मुलांसाठीचं दूध होतं ते वेगळंच. चार तासांनीही भात 11 वर होता.

हे आकडे मी वर्गात वाचून दाखवले तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मला सगळ्यात जास्त पटलं. तुम्ही असं नाही म्हणालात की मोठा फ्रिज घ्या, कोल्डरूम बांधा. म्हणालात, ‘मग तुमच्या स्वयंपाकघराचं उत्तर असं की पाच किलो भात उरवायचाच नाही. उरलेला भात टिकवण्याची सोय तुमच्याकडे नाही, हे कळलं हेच पुष्कळ.’ किलोभर उरला तर परातीत पसरून तासाभरात फ्रिजमध्ये जातो आणि वेळेत गार होतो, तेही मी मोजलं. पाच किलो नाही होत. आमटी-डाळीचं वेगळं, पातेलं बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवून डावाने ढवळत राहिलं की ती भराभर उतरते. भात असा ढवळता येत नाही, त्याचा शिरा होतो.

तेव्हापासून खानावळीत तीन गोष्टी बदलल्या. संध्याकाळी सहाच्या आत ग्रुपवर मुलं ‘आहे’ किंवा ‘नाही’ टाकतात. सुरुवातीला टाकत नव्हती, मग मी सांगितलं की ज्याचं उत्तर नाही त्याचा भात नाही, आठवड्यात वळण लागलं. दुसरं, भात दोन खेपांत लावते. पहिला साडेसातला, दुसरा मुलं किती आली ते बघून सव्वाआठला. गॅस थोडा जास्त जातो, पण उरतो तो मूठभर. तिसरं, डबे. सकाळी दहाला भरलेला डबा मुलगा लायब्ररीत बसून तीन वाजता उघडतो, हे मला माहीतच नव्हतं. आता झाकणावर मार्करने भात झाल्याची वेळ आणि ‘चार तासांत खा’ असं लिहिते. मुलं चेष्टा करतात, काकूंचा भात एक्सपायर होतो म्हणून. करू देत.

आणि फोडणीचा भात? मी बंद केला होता, भीतीने. तुम्हीच म्हणालात, बंद कशाला, ताजा भात मोकळा शिजवा, पंख्याखाली पंधरा मिनिटं परातीत पसरा आणि फोडणी द्या. शिळा असला तरच मोकळा होतो हा समज आहे. पाणी थोडं कमी घालायचं आणि शिजताना चमचाभर तेल. रविवारी पुन्हा सुरू केलाय. खरं सांगायचं तर शिळ्याची ती चव नाही येत. पण येत नाही तर नाही.

परीक्षेच्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पर्यायी उत्तरांचे प्रश्न, हात थरथरत होता, वडापाववाल्या काकांनी चष्मा विसरला म्हणून माझा घेतला आणि दोघांनी आळीपाळीने वापरला. एक प्रश्न उरलेल्या अन्नाचा होता. वाचल्यावर मला पर्याय दिसेचनात, पातेलं दिसलं. उत्तर बरोबर आलं असावं.

सार्वजनिक पानावर लिहितेय तर एक बोलून घेते, राजकारण नाही. कायद्याप्रमाणे पंचवीस अन्न हाताळणाऱ्या माणसांमागे एक तरी असा शिकलेला सुपरवायझर असावा, असं तुम्ही शिकवलंत. आमच्या गल्लीत मोजल्या तर सात खानावळी आहेत आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी बाई एकटीच किंवा दोघी. भांडार्‍याला, लग्नाला, सप्ताहाला तर पाचशे माणसांचा भात दुपारीच शिजवून ताडपत्रीवर ढीग लावतात आणि वरून कापडाने झाकतात. मी स्वतः असे ढीग लावलेत. माझं पाच किलोचं पातेलं आतून सकाळपर्यंत गार झालं नाही, तो ढीग कधी होणार? चार तासांत पडद्यावर चित्रं दाखवून हे डोक्यात शिरत नाही. जे कुणी आपल्या प्रभागात अशी ट्रेनिंग ठेवतात त्यांना एवढंच सांगणं आहे की हॉल आणि चहानाष्ट्याच्या खर्चात चार थर्मामीटर घ्या आणि बायकांना एक रात्र घरी न्यायला द्या. पुढचं त्या बघतील.

आता राहिलेलं. मॅडम, तिसऱ्या रविवारनंतर तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘त्या बाईंना सांगितलंत का?’ मी तेव्हा उत्तर दिलं नाही. गेल्या आठवड्यात गेले. ती आता एका शाळेच्या खिचडीच्या कामाला आहे. दारात उभी राहिले आणि म्हटलं, तुझं बोट नव्हतं, माझा भात होता. तिने आत बोलावलं, चहा केला. म्हणाली, ‘मला वाटायचंच, वैनी. पण मी म्हणून काय उपयोग होता?’ परत कामाला ये म्हटलं तर नाही म्हणाली, तिकडे वेळ बरी आहे. तिचं बरोबर आहे. मी तुमचा तो वॉटरप्रूफ पट्ट्यांचा डबा तिला देऊन आले.

किराणा दुकानदाराकडेही गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मागची उधारी साडेआठशे आहे. दिली.

सलाईन लावलेल्या मुलाच्या वडिलांना फोन केला. त्यांनी नंबर ओळखला आणि पहिल्यांदा कट केला. दुसऱ्यांदा उचलला. मी सगळं सांगितलं, रात्रीचे आकडेसुद्धा वाचून दाखवले. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, ‘आमच्याकडे पुढच्या महिन्यात पोरीचं लग्न आहे. आचाऱ्याला काय सांगू?’ मी म्हटलं, भात पंगत बसायच्या आधी तासभर लावायला सांगा, एकदम नको, तीन-चार खेपांत, आणि उरलेला दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घालू नका. त्यांनी लिहून घेतलं.

थर्मामीटर अजून माझ्याकडेच आहे, मॅडम. पुढची बॅच रविवारी आहे असं ताई म्हणाल्या, त्याआधी आणून देते. त्यातला सेल मी बदललाय. माझ्यासाठी तसाच दुसरा मागवला आहे, साडेतीनशेला मिळाला. आणि त्या बॅचला भाताची परात दाखवायची असेल तर सांगा, मी सकाळी नऊपर्यंत शिजवून घेऊन येते.